पाडवा, उगादी आणि विशू वेगवेगळ्या दिवशी का येतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणच्या किनारपट्टीवर रत्नागिरीपासून मंगळुरूपर्यंत मराठी, कोकणी, तुळू, कन्नड आणि मल्याळी कुटुंबे एकमेकांच्या शेजारी राहतात, त्यामुळे एका घरी गुढी उतरून काही दिवस, तर कधी तीन-चार आठवडे झाल्यावर शेजारच्या घरी नववर्ष साजरे होताना दिसते. अशा वेळी कोणते नववर्ष खरे, आणि पंचांग चुकले आहे का, असे प्रश्न दरवर्षी आमच्याकडे येतात. त्यांतले वारंवार येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. येथील सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार असून दृक्‌गणितावर आधारलेल्या आहेत.

१. गुढीपाडवा आणि उगादी हे दोन वेगळे सण आहेत का?

दिवसाच्या दृष्टीने ते एकच आहेत. महाराष्ट्रातला गुढीपाडवा, गोव्यातला संवसर पाडवो आणि कर्नाटक, आंध्र प्रदेश व तेलंगणातली उगादी हे सगळे चैत्र शुद्ध प्रतिपदेला येतात. या सर्व ठिकाणी शालिवाहन शक त्याच दिवशी बदलतो आणि संवत्सराचे नावही तेच असते. उदाहरणार्थ, १९ मार्च २०२६ रोजी शके १९४८ सुरू झाले आणि त्या संवत्सराचे नाव रत्नागिरीतही पराभव आणि हैदराबादेतही पराभवच होते. फरक असतो तो साजरे करण्याच्या रीतीत. आपल्याकडे गुढी उभारतात आणि कडुलिंबाची पाने गुळाबरोबर खातात, कर्नाटकात बेवु-बेल्ला वाटतात, तर तेलुगू घरांत उगादी पच्चडी करतात.

२. मग केरळचा विशू त्या दिवशी का येत नाही?

विशू चंद्राच्या तिथीवर अवलंबून नसून सूर्याच्या राशिप्रवेशावर अवलंबून असतो. पाडव्याचा महिना अमावास्या संपली की सुरू होतो, म्हणजे तो चांद्रमास आहे. केरळात मात्र महिना सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत गेला की बदलतो, म्हणजे तो सौरमास आहे. सूर्य मेष राशीत प्रवेश करतो त्या क्षणाला मेष संक्रांत म्हणतात आणि विशू त्या संक्रांतीला धरून येतो.

आपल्या घरातले उदाहरण घ्यायचे तर मकर संक्रांत आणि गणेश चतुर्थी यांच्यात जो फरक आहे, तोच विशू आणि पाडवा यांच्यात आहे. मकर संक्रांत दरवर्षी १४ किंवा १५ जानेवारीलाच येते, कारण ती सूर्याची आहे. गणेश चतुर्थी मात्र २०२४ साली ७ सप्टेंबरला, २०२५ साली २७ ऑगस्टला आणि २०२६ साली १४ सप्टेंबरला आली, कारण ती तिथीने येते. चाकरमानी मुंबईहून गावी येण्यासाठी गाडीचे आरक्षण करताना दरवर्षी आधी गणपतीची तारीख शोधतात, तिळगुळाची तारीख मात्र कोणालाही शोधावी लागत नाही.

३. पाडवा कधी मार्चच्या मध्यावर तर कधी एप्रिलमध्ये का येतो?

बारा चांद्रमासांचे मिळून सुमारे ३५४ दिवस होतात, आणि सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांहून थोडे मोठे असते. त्यामुळे तिथीने येणारा प्रत्येक सण पुढच्या वर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतो. असे दोन-तीन वर्षे होत राहिले की फरक जवळजवळ एका महिन्याएवढा साठतो, आणि मग पंचांगात एक अधिक मास धरला जातो. त्याच्या पुढच्या वर्षी सण एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे सरकतो.

हे प्रत्यक्ष तारखांवर पाहावे. २०२४ साली पाडवा ९ एप्रिलला होता. २०२५ साली तो दहा दिवस मागे येऊन ३० मार्चला आला, आणि २०२६ साली आणखी अकरा दिवस मागे येऊन १९ मार्चला आला. शके १९४८ मध्ये १७ मे ते १५ जून २०२६ या काळात अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ते वर्ष तेरा महिन्यांचे, ३८४ दिवसांचे होते, आणि त्यापुढचा पाडवा ७ एप्रिल २०२७ रोजी येतो. वर दिलेली २०२६ ची गणेश चतुर्थी इतकी उशिरा येण्याचे कारणही हाच अधिक ज्येष्ठ आहे.

अधिक मास कोणाच्या सोयीने घातला जात नाही. ज्या चांद्रमासात सूर्य एकदाही रास बदलत नाही, म्हणजे ज्यात एकही संक्रांत पडत नाही, तो मास आपोआप अधिक ठरतो. हे सूत्र नीट लक्षात ठेवावे, कारण पुढच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

४. पाडवा आणि विशू यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, की ही दोन स्वतंत्र पंचांगे आहेत?

संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे. आमच्या मते या सगळ्या विषयात समजून घेण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच सहसा सांगितली जात नाही.

चांद्रमासाला नाव कसे मिळते, हे पाहिले की उलगडा होतो. ज्या चांद्रमासात मेष संक्रांत पडते, त्याला चैत्र म्हणतात. ज्यात वृषभ संक्रांत पडते तो वैशाख, मिथुन संक्रांत पडते तो ज्येष्ठ, आणि पुढे याच क्रमाने. म्हणजे आपला पाडवा हा त्या महिन्याचा पहिला दिवस आहे, ज्या महिन्यात केव्हातरी मेष संक्रांत येणार आहे. केरळातले कुटुंब प्रत्यक्ष संक्रांतीला धरून विशू साजरा करते, आणि कोकणातले कुटुंब ती संक्रांत ज्या चांद्रमासाच्या पोटात आहे त्याची सुरुवात साजरी करते. दोघांची नजर सूर्याच्या एकाच घटनेवर आहे.

२०२६ चे उदाहरण घेऊ. १९ मार्चच्या सकाळी अमावास्या संपली आणि पुढची अमावास्या १७ एप्रिलच्या संध्याकाळी संपली. या दोहोंच्या मध्ये, १४ एप्रिलला, मेष संक्रांत झाली. म्हणून तो महिना चैत्र ठरला आणि १९ मार्चला गुढी उभी राहिली. त्या वर्षी पाडवा आणि संक्रांत यांच्यात जवळजवळ चार आठवड्यांचे अंतर पडले. २०२४ साली अमावास्या ८ एप्रिलच्या मध्यरात्रीच्या सुमारास संपली आणि संक्रांत १३ एप्रिलच्या रात्री झाली, त्यामुळे ९ एप्रिलला पाडवा आणि १४ एप्रिलला विशू असे दोन्ही सण एका आठवड्याच्या आतच आले.

यावरून पाडव्याच्या तारखेची मर्यादाही कळते. पाडवा मेष संक्रांतीच्या आधीच्या लगतच्या अमावास्येनंतर येतो, म्हणून तो साधारण मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच फिरतो. विशूच्या नंतर तो सहसा जात नाही. फार तर दोन्ही एकाच दिवशी येऊ शकतात, आणि तशी वेळ कशी येते ते प्रश्न १२ मध्ये सांगितले आहे.

५. मग आपण कोकणातली माणसे चंद्राने चालतो की सूर्याने?

दोहोंनी चालतो, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्याला तसे चालावेच लागते. भरती-ओहोटी चंद्राशी बांधलेली आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांग असतो, आणि मच्छीमाराला तिथी कळली की पाणी केव्हा चढेल याचा अंदाज तोंडी करता येतो. इंग्रजी तारखेवरून तो असा करता येत नाही.

शेती मात्र सूर्याने चालते. मृग नक्षत्र निघाले असे आपण म्हणतो, तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात गेलेला असतो, आणि ते दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच होते. ज्येष्ठ कधी लवकर येतो, कधी उशिरा, आणि कधी २०२६ प्रमाणे दोनदा येतो, पण मृग जागचे हलत नाही. म्हणूनच भाताच्या पेरणीचा हिशेब शेतकरी मासाने न करता सूर्यनक्षत्राने करतात. ज्याला मृग समजतो, त्याला विशू समजायला काहीच अडचण नाही, कारण दोन्हींमागचे गणित एकच आहे.

६. सूर्याचाच हिशेब असेल तर विशू कधी १४ एप्रिलला आणि कधी १५ एप्रिलला का येतो?

संक्रांत हा एक क्षण असतो आणि सण हा एक दिवस असतो. क्षणावरून दिवस कसा ठरवायचा, याचा नियम लागतो, आणि विशूचा नियम त्याच्या मुख्य विधीतून आलेला आहे.

विशूच्या पहाटे डोळे उघडल्यावर सर्वांत आधी कणी पाहायची असते. उरुळीत, म्हणजे पसरट पितळी भांड्यात, तांदूळ, पिवळीधमक काकडी, नारळ, आरसा, नाणी आणि बहाव्याची फुले मांडून ठेवतात, आणि घरातली वडीलधारी व्यक्ती इतरांना डोळे मिटून तेथपर्यंत घेऊन जाते. नवे वर्ष लागल्यानंतरच्या पहिल्या सकाळी हे दर्शन व्हायला हवे, म्हणून संक्रांतीनंतर जो पहिला सूर्योदय येतो, तो विशूचा दिवस.

सूर्याला पुन्हा त्याच जागी यायला ३६५ दिवस आणि सुमारे सहा तास नऊ मिनिटे लागतात. त्यामुळे संक्रांतीची वेळ दरवर्षी सुमारे सहा तासांनी पुढे जाते आणि लीप वर्षातला जास्तीचा दिवस तिला परत मागे आणतो. आता चार वर्षे ओळीने पाहू. २०२३ साली संक्रांत १४ एप्रिलच्या दुपारी तीनच्या सुमारास झाली. त्या दिवसाचा सूर्योदय तोवर होऊन गेला होता, म्हणून विशू १५ एप्रिलला आला. २०२४ हे लीप वर्ष होते. त्या वर्षी संक्रांत १३ एप्रिलच्या रात्री सव्वानऊच्या सुमारास झाली आणि विशू १४ ला आला. २०२५ साली ती १४ एप्रिलच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास, म्हणजे सूर्योदयाच्या आधी झाली, त्यामुळे विशू त्याच दिवशी आला. २०२६ साली ती १४ एप्रिलला सकाळी साडेनऊ वाजून गेल्यावर झाली, आणि विशू पुन्हा १५ ला गेला.

हल्लीच्या काळात हा क्रम दोन वर्षे चौदा आणि दोन वर्षे पंधरा असा चालतो. आपल्या शेजारच्या मल्याळी घरी यंदा कोणत्या दिवशी जायचे, हे ठरवायला संक्रांतीची वेळ आणि सूर्योदय एवढ्या दोनच गोष्टी पाहाव्या लागतात.

७. २०२६ साली तमिळ नववर्ष १४ एप्रिलला आणि विशू १५ एप्रिलला होता. संक्रांत एकच असताना असे कसे?

संक्रांत एकच असली तरी तिच्यावरून दिवस ठरवण्याचे नियम प्रांतोप्रांती वेगळे आहेत. तमिळ पंचांगाप्रमाणे संक्रांत सूर्यास्ताच्या आधी झाली तर महिना त्याच दिवशी सुरू होतो आणि नंतर झाली तर दुसऱ्या दिवशी. सकाळी साडेनऊनंतरची संक्रांत सूर्यास्ताच्या पुष्कळ आधीची आहे, म्हणून पुत्तांडु १४ ला झाले. बंगालमध्ये मध्यरात्रीची सीमा धरतात: संक्रांत मध्यरात्रीच्या आधी झाली तर दुसऱ्या दिवशी वैशाख सुरू होतो, आणि मध्यरात्र उलटून गेली तर आणखी एक दिवस पुढे जातो. पश्चिम बंगालचा पोयला बैशाख २०२४ साली १४ एप्रिलला आणि २०२५ साली १५ एप्रिलला आला, तो यामुळे. बांगलादेशाने मात्र आपले पंचांग सुधारून हा दिवस १४ एप्रिललाच कायम केला आहे, म्हणून एकाच भाषेची माणसे सीमेच्या दोन बाजूंना काही वर्षी लागोपाठच्या दोन दिवशी नववर्ष पाळतात.

केरळात यापेक्षाही बारीक भेद आहे. तेथे महिन्याचा पहिला दिवस ठरवताना दिवसाचे पाच भाग करून पहिले तीन भाग संपण्याची वेळ, म्हणजे दुपारी साधारण सव्वा वाजण्याची वेळ, सीमा म्हणून धरतात. त्यापूर्वी संक्रांत झाली तर त्याच दिवशी मेडम महिना सुरू होतो. या हिशेबाने २०२६ साली मेडम १ ही तारीख १४ एप्रिलला आली, पण विशू पुढच्या सूर्योदयाचा असल्यामुळे (प्रश्न ६ पाहावा) तो मेडम २ ला आला. ज्यांनी दिनदर्शिकेत मेडम १ पाहून एक दिवस आधीच शुभेच्छा दिल्या, त्यांचा घोटाळा येथे झाला.

८. मंगळुरूकडच्या नातेवाइकांकडे घरात उगादीही असते आणि शेजारी बिसुही असतो. त्यांचे नेमके कोणते?

दक्षिण किनाऱ्यावर दोन्ही पद्धती एकत्र नांदतात. तुळू समाजाची कालगणना सौर आहे, त्यांचा पहिला महिना पग्गु, आणि त्याच्या पहिल्या दिवशी बिसु परब असते. नावावरूनच तो विशूचा भाऊ आहे हे कळते. कर्नाटकातल्या उर्वरित भागात मात्र चांद्र उगादी पाळतात. म्हणून कन्नड पंचांगात चांद्रमान युगादी आणि सौरमान युगादी असे दोन वेगळे दिवस छापलेले असतात.

कोकणी बोलणाऱ्या सारस्वत कुटुंबांत गोव्यापासून कर्नाटकाच्या किनाऱ्यापर्यंत पाडवो तिथीने येतो, आणि केरळात स्थायिक झालेल्या कुटुंबांनी तेथला विशूही आपलासा केला आहे. एकाच आडनावाच्या दोन घरांत वेगळी तारीख दिसली, तर त्याचे कारण बहुधा वस्तीचा प्रांत हे असते. अशा घरी आमंत्रण असेल तर आपली दिनदर्शिका न पाहता त्यांच्या पंचांगात चांद्रमान पाहायचे की सौरमान, एवढेच विचारून घ्यावे.

९. विशू हे केरळचे नववर्ष आहे, असे म्हणणे बरोबर आहे का?

सणाच्या अर्थाने बरोबर आहे, पण वर्षाचा आकडा त्या दिवशी बदलत नाही. केरळात कोल्लम वर्ष चालते. त्याची गणना इसवी सन ८२५ पासून होते आणि ते चिंगम महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर, बदलते. कोल्लम वर्ष १२०० हे १७ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू झाले. त्यामुळे १४ एप्रिल २०२५ च्या विशूला कणी पाहणाऱ्या घरात आदल्या दिवशीही १२०० होते आणि दुसऱ्या दिवशीही १२००च होते.

आपल्याकडे शकाचा आकडा आणि सण पाडव्याला एकत्र येतात, म्हणून हे चमत्कारिक वाटते. पण वर्षाचा आकडा बदलणे आणि सूर्याने मेषेपासून नवा फेरा सुरू करणे या दोन स्वतंत्र गोष्टी असू शकतात. गुजराती व्यापाऱ्यांचे विक्रम संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या पाडव्याला बदलते, आणि कच्छमध्ये आषाढी बीज हे नववर्ष असते. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तेथे चैत्राचा वद्य पक्ष आधी येऊन जातो आणि वर्ष चैत्राच्या मध्यावर, आपल्याच शुद्ध प्रतिपदेला बदलते.

१०. दिवस-रात्र समान होतात ते २०-२१ मार्चला. मग सूर्याचे नववर्ष १४ एप्रिलला का?

‘विशू’ या नावामागे विषुव आहे, म्हणून हा प्रश्न योग्य आहे आणि उत्तरही स्पष्ट आहे. आपली पारंपरिक गणना निरयन आहे, म्हणजे ती सूर्याची जागा स्थिर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजते. पृथ्वीचा अक्ष अतिशय मंदगतीने फिरत असल्यामुळे विषुवदिनी सूर्य ज्या ताऱ्यांजवळ दिसतो ती जागा सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी वसंतविषुव आणि मेषारंभ एकत्र होते. आज त्यांच्यात सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे, आणि सूर्याला ते चालायला तीन आठवड्यांहून थोडे अधिक दिवस लागतात. म्हणून विषुव मार्चमध्ये राहिले आणि विशू एप्रिलमध्ये आला. इंग्रजी तारखेच्या हिशेबाने तो पुढेही सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस सरकत राहील. मकर संक्रांत १४ जानेवारीवरून १५ कडे जाऊ लागली आहे, तेही याच कारणाने.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात वर्षारंभ विषुवाला धरावा अशी शिफारस केली, आणि त्यानुसार भारत सरकारचे राष्ट्रीय पंचांग २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ या तारखेने सुरू झाले. त्यातले वर्ष २२ मार्चला आणि लीप वर्षी २१ मार्चला सुरू होते. त्यातही शालिवाहन शकाचाच आकडा आणि चैत्र हेच नाव वापरले जाते, पण तो चैत्र सौर आहे. सरकारी कागदावर छापलेला ‘१ चैत्र’ पाहून तो पाडवा समजण्याची चूक पुष्कळजण करतात.

११. २०२६ साली १९ मार्चला सूर्योदयाच्या वेळी अमावास्या होती. तरी त्या दिवशी पाडवा कसा?

सामान्य नियम असा आहे की, सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची तिथी. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश जाईपर्यंत एक तिथी टिकते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्यामुळे तिथी कधी चोवीस तासांहून मोठी, तर कधी लहान असते. ती लहान असेल, तर एका सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाच्या आधीच संपू शकते. अशा तिथीला क्षय तिथी म्हणतात.

१९ मार्च २०२६ रोजी रत्नागिरीत सूर्योदय पावणेसातच्या थोडा आधी झाला. अमावास्या सहा वाजून बावन्न मिनिटांच्या सुमारास संपली आणि प्रतिपदा लागली. ती २० मार्चच्या पहाटे पाचच्या आतच संपली, म्हणजे त्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा द्वितीया होती. प्रतिपदेला एकही सूर्योदय मिळाला नाही. पण तिथीचा क्षय झाला म्हणून सण वगळत नाहीत: प्रतिपदा ज्या दिवशी लागून संपली, तो १९ मार्च हाच पाडवा धरला गेला. उलट प्रतिपदा लांबून दोन सूर्योदयांना मिळाली, तर पहिला दिवस घेतात.

त्या सकाळी आमच्याकडे आलेल्या बहुतेक प्रश्नांचा आशय गुढी अमावास्येत उभी राहील का, असा होता. अमावास्या सूर्योदयानंतर काही मिनिटांतच संपत होती, तेव्हा सात वाजल्यानंतर गुढी उभारणाऱ्यांची गुढी प्रतिपदेतच उभी राहिली.

१२. चैत्र महिनाच अधिक आला तर काय होते?

हे वारंवार घडत नाही, पण २०२९ साली घडणार आहे, आणि प्रश्न ४ मधले सूत्र त्या वर्षी अगदी काठावर कसोटीला लागते.

१५ मार्च २०२९ रोजी सकाळी अमावास्या संपते. सूर्य मीन राशीत आदल्या संध्याकाळीच गेलेला असतो. पुढची अमावास्या १४ एप्रिलच्या पहाटे तीनच्या सुमारास संपते, आणि मेष संक्रांत त्याच पहाटे चारच्या सुमारास होते. म्हणजे १५ मार्चपासूनच्या त्या चांद्रमासात एकही संक्रांत सापडत नाही, केवळ एका तासाच्या फरकाने ती पुढच्या मासात जाते. म्हणून पहिला मास अधिक चैत्र आणि १४ एप्रिलपासूनचा मास निज चैत्र ठरतो. इतक्या थोड्या अंतरावर निर्णय असतो, तेव्हा वेगळ्या गणिताने चालणाऱ्या पंचांगात संक्रांत किंवा अमावास्या थोडी इकडेतिकडे झाली, तरी महिन्याचे नाव बदलू शकते. त्या वर्षी दोन पंचांगांत मतभेद दिसला, तर प्रथम या दोन वेळा ताडून पाहाव्यात.

अधिक चैत्राच्या वर्षी दोन शुद्ध प्रतिपदा येतात, आणि गुढी कोणत्या प्रतिपदेला उभारायची याचा निर्णय आपण ज्या पंचांगाप्रमाणे चालतो, त्यातून घ्यावा. निज चैत्राची प्रतिपदा धरली, तर ती १४ एप्रिलला येते. संक्रांत त्याच दिवशी सूर्योदयाच्या आधी होत असल्यामुळे, प्रश्न ६ मधल्या नियमाने त्या वर्षीचा विशूही १४ एप्रिललाच असेल.